शौचावरचा ताबा सुटणे: कारणे, स्नायूंचे व्यायाम आणि मल घट्ट करणारा आहार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

## शौचावरचा ताबा सुटणे म्हणजे नेमके काय?

इच्छा नसताना, शौचालयात पोहोचण्याआधी किंवा अजिबात न कळता मल बाहेर येणे म्हणजे शौचावरचा ताबा सुटणे. मल पातळ असो वा घट्ट, थोडा असो वा बराच, तो यातच मोडतो. मात्र हे सर्वांना एकाच तऱ्हेने होत नाही, आणि तऱ्हा ओळखता आली की कारणाचा अर्धा शोध तिथेच लागतो. काहींना एकदम जोराची कळ येते आणि एखादे मिनिटही थांबवत नाही. काहींना कळ येतच नाही, नंतर कपडे ओले किंवा मळलेले आढळतात. काहींचे शौच नीट होते, पण त्यानंतर तासा-दोन तासांत थोडा मल पाझरतो. डॉक्टरांकडे जाताना एवढे वर्णन स्पष्ट शब्दांत सांगता आले, तरी तपासणीला दिशा मिळते.

## निरोगी माणसाला मल रोखून धरता येतो तो कशामुळे?

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वलये असतात. आतले वलय आपोआप आवळलेले राहते. त्यावर आपली इच्छा चालत नाही, झोपेतही ते आपले काम करते, आणि विश्रांतीच्या वेळी गुदद्वार मिटलेले राहते ते मुख्यतः त्याच्यामुळे. बाहेरचे वलय आपण हवे तेव्हा आवळू शकतो. कळ आल्यावर किंवा वारा अडवून धरताना आपण तेच वापरतो. या दोन्हींच्या वर ओटीपोटाच्या तळाचा एक पट्टा गोफणीसारखा गुदाशयाला मागून वेढून पुढे ओढतो. त्यामुळे मार्गाला बाक येतो आणि मल सरळ खाली उतरत नाही.

गुदाशयात मल येऊन ठेपला की आतले वलय क्षणभर सैल होते. गुदद्वाराजवळची संवेदनशील त्वचा आलेला पदार्थ घट्ट आहे, पातळ आहे की नुसता वारा आहे, हे तपासते. त्याच क्षणी बाहेरचे वलय आवळले गेले, तर मल पुन्हा वर सरकतो आणि कळ ओसरते. म्हणून स्नायूंची ताकद, त्यांना आदेश देणाऱ्या नसा, गुदाशयाची ताणून साठवण्याची क्षमता आणि मलाचा घट्टपणा या चार गोष्टी जुळल्या तरच ताबा टिकतो.

यातली चौथी गोष्ट लोक विसरतात. तोंड सैल झालेल्या पिशवीत धान्य राहते, पाणी राहत नाही. वलय पूर्ण ताकदीचे नसले तरी नीट बांधलेला मल ते रोखू शकते, आणि उलट अगदी धडधाकट माणसालाही जोराच्या जुलाबात कपडे सांभाळणे अवघड जाते.

## बाळंतपणात इजा झाली, तर त्रास वीस-पंचवीस वर्षांनी का सुरू होतो?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देते. योनिमार्गे प्रसूती होताना, विशेषतः चिमटा लावावा लागला, बाळ मोठे असले किंवा पहिलीच खेप असली, तर योनीमागची फाट कधी कधी गुदद्वाराच्या वलयापर्यंत पोहोचते. काही फाटी त्या वेळीच ओळखून शिवल्या जातात. काही त्वचेखाली लपून राहतात. शिवाय प्रसूतीत वलयाकडे जाणारी नसही ताणली जाते.

तरुणपणी उरलेला स्नायू ही उणीव भरून काढतो आणि बाईला काहीच जाणवत नाही. पुढे वयानुसार स्नायू पातळ होतात, रजोनिवृत्तीनंतर ऊतींचा लवचिकपणा कमी होतो, वर्षानुवर्षे कुंथण्याची सवय असेल तर नस आणखी ताणली जाते. अशात काही कारणाने मल पातळ झाला की इतकी वर्षे झाकलेली उणीव उघडी पडते. म्हणजे दुखापत जुनी असते आणि निमित्त नवे. जुनी दुखापत पुसता येत नाही, पण निमित्त बहुतेक वेळा दूर करता येते.

## पुरुषांना आणि मुले न झालेल्या स्त्रियांना हा त्रास कशामुळे होतो?

मूळव्याध, भगंदर किंवा गुदद्वाराची चीर यांच्या शस्त्रक्रियेत वलयाचा काही भाग कापला गेलेला असू शकतो. दीर्घकाळचा मधुमेह, पक्षाघात, मणक्याची इजा आणि मज्जासंस्थेचे इतर आजार नसांवर परिणाम करतात. ओटीपोटावर किरणोपचार झाले असतील किंवा आतड्याला दाहाचा आजार असेल, तर गुदाशय ताठर होतो आणि थोडा मल साठला तरी घाई लागते. गुदाशय खाली घसरून बाहेर येऊ लागला तर वलय ताणलेलेच राहते.

याशिवाय मल पातळ करणारी कारणे वेगळी तपासावी लागतात. मधुमेहाचे मेटफॉर्मिन, मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधे आणि सवयीने घेतलेली रेचके ही नेहमीची उदाहरणे आहेत. पित्ताशय काढल्यानंतर काहींच्या मोठ्या आतड्यात पित्त जास्त उतरते आणि मल पातळ होतो. त्यावर स्वतंत्र औषध असते, म्हणून ही शस्त्रक्रिया झाली असेल तर आवर्जून सांगावे. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. मेटफॉर्मिनसारख्या औषधाचा सावकाश विरघळणारा प्रकार मिळतो, तो चालेल का हे विचारावे.

## मला तर बद्धकोष्ठ आहे. मग पातळ मल का गळतो?

ही फसवी अवस्था आहे आणि तिच्यात चुकीचा उपचार होण्याचा धोका मोठा असतो. गुदाशयात कडक मलाचा गोळा अडकून बसला की वरचा पातळ मल त्याच्या कडेने झिरपत बाहेर येतो. घरच्यांना वाटते की जुलाब लागले आहेत, म्हणून जुलाब थांबवणारे औषध दिले जाते आणि अडकलेला गोळा आणखी घट्ट होतो. अंथरुणाला खिळलेल्या, वृद्ध किंवा तीव्र वेदनाशामके घेणाऱ्या व्यक्तींमध्ये हे विशेषतः आढळते.

अनेक दिवस पुरेसे शौच झालेले नाही, पोट फुगलेले आहे, खाली सतत भरल्यासारखे वाटते आणि तरीही थोडे थोडे पातळ गळते, असे असेल तर आधी डॉक्टरांनी बोटाने तपासणी करणे आवश्यक आहे. तोपर्यंत पुढे सांगितलेले इसबगोल किंवा मल बांधणारे कोणतेही औषध सुरू करू नये. आधी गुदाशय रिकामा करावा लागतो.

## आधी आहार बदलावा की व्यायाम सुरू करावेत?

दोन्ही एकत्र सुरू करावेत, पण दोहोंचा वेग वेगळा असतो हे मनाशी पक्के ठेवावे. मल घट्ट झाला तर फरक एक-दोन आठवड्यांत दिसतो. स्नायूंची ताकद वाढायला किमान बारा आठवडे लागतात. नुसते व्यायाम करणारी व्यक्ती मल पातळच राहिल्यामुळे महिन्याभरात निराश होऊन सोडून देते, असे मी बऱ्याचदा पाहिले आहे.

सुरुवात दोन आठवड्यांच्या नोंदवहीने करावी. शौचाची वेळ, मलाचा प्रकार, किती वेळ थांबवता आले, गळती झाली का आणि त्याआधीच्या काही तासांत काय खाल्ले-प्यायले, एवढेच लिहायचे. मलाच्या प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता सोपा आहे. त्यात सात प्रकार आहेत: १ म्हणजे सुटे कडक खडे, ४ म्हणजे मऊ, गुळगुळीत आणि लांबट मल, ६ म्हणजे फाटक्या कडांचा लगदा आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी. आपले लक्ष्य ३ किंवा ४ असते. त्याहून कडक करण्यात फायदा नाही, कारण मग कुंथावे लागते आणि पुन्हा तेच स्नायू ताणले जातात.

## तंतुमय पदार्थ खाल्ले की मल घट्ट होतो ना?

कोणते तंतू, यावर ते अवलंबून आहे, आणि इथे बरेच जण प्रामाणिकपणे चुकतात. गव्हाचा कोंडा, कच्च्या भाज्या आणि फळांच्या साली यांतले तंतू पाण्यात विरघळत नाहीत. ते आतड्याची हालचाल वाढवतात. बद्धकोष्ठात हे उपयोगी असते, पण आधीच पातळ आणि घाईचे शौच असलेल्याला त्यामुळे जास्त घाई लागू शकते. पाणी शोषून त्याचा चिकट गोळा करणारे तंतू वेगळे असतात. ते सैल मलातले मोकळे पाणी धरून ठेवतात आणि मलाला आकार देतात. इसबगोलाचा भुसा हे त्याचे सर्वांत उपयोगी उदाहरण आहे, कारण मोठ्या आतड्यातले जीवाणू तो फारसा आंबवत नाहीत आणि त्याची जेल शेवटपर्यंत टिकते. ओट्स, पिकलेले केळे, सालीशिवाय शिजवलेले सफरचंद आणि बटाटा यांचाही उपयोग होतो. पांढरा भात मल बांधायला मदत करतो, पण तो तंतूंमुळे नव्हे. त्याचे पचन लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण होते आणि मोठ्या आतड्यात ओढून नेणारा अवशेष फारसा उरत नाही.

## इसबगोल किती आणि कसे घ्यावे?

दिवसातून एकदा, जेवणाबरोबर, सुमारे ३ ग्रॅम इतक्याने सुरुवात करावी. एक आठवडा तेवढेच ठेवावे. मल अजून ५ किंवा ६ प्रकारचाच असेल तर दुसऱ्या जेवणाबरोबर आणखी तेवढेच वाढवावे, आणि गरजेनुसार हळूहळू दिवसाला ७ ते १० ग्रॅमपर्यंत जावे. एकदम वाढवले तर पोट फुगते आणि वारा वाढतो. वाऱ्याबरोबर गळती होणाऱ्यांना तो त्रास नकोसा होतो.

भुसा पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा. कोरडा कधीही घेऊ नये, कारण तो घशात फुगून अडकू शकतो, आणि झोपण्याच्या वेळीही घेऊ नये. पाणी जास्त प्यायल्याने मल पातळ होईल या भीतीने काही जण पाणीच तोडतात. ते चुकीचे आहे, कारण प्यायलेले जवळजवळ सर्व पाणी आतड्यात शोषले जाते. इतर औषधे इसबगोलाच्या किमान दोन तास आधी किंवा नंतर घ्यावीत. गिळायला त्रास असेल, आतडे कुठे अरुंद झाले असेल किंवा वर सांगितलेला मलाचा अडथळा असेल, तर ते घेऊ नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगून सुरू करावे, कारण त्याने जेवणानंतरची साखर काहीशी कमी होते. प्रमाण जास्त झाल्याची खूण सोपी आहे: मल मोठा आणि मऊ होतो, पण पूर्ण निघत नाही आणि पुसताना चिकटत राहतो. मग एक पायरी मागे यावे.

## काय कमी करावे?

सगळे एकदम बंद केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. नोंदवहीत जे गळतीच्या आधी वारंवार दिसते, ते आधी दोन आठवडे सोडून पाहावे. कॅफिन आतड्याची हालचाल वाढवते, म्हणून रिकाम्या पोटी घेतलेली कॉफी हा पहिला संशयित. साखरविरहित गोळ्या आणि च्युइंगममधील सॉर्बिटॉल नीट शोषले जात नाही आणि आतड्यात पाणी ओढून आणते. दुधातली साखर न पचणाऱ्यांना दूध, काहींना फळांचे रस, आणि मद्य, तसेच तळलेले, फार तेलकट किंवा तिखट जेवण यांचाही विचार करावा. जेवण पोटात पडले की मोठे आतडे आपोआप हलते, आणि जेवण जितके मोठे व तेलकट तितकी ती हालचाल जोरदार. म्हणून दोन भरपेट जेवणांऐवजी चार-पाच लहान जेवणे घेणे, आणि सकाळच्या खाण्यानंतर अर्धा तास घरी थांबून शौचाला निवांत वेळ देणे, हे दोन बदल अनेकांना औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

## व्यायामासाठी नेमका कोणता स्नायू आवळायचा, हे कसे ओळखावे?

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हे व्यायाम प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांचा भर प्रसूतीनंतर गळणाऱ्या लघवीवर होता. शौचासाठी करताना लक्ष मागच्या बाजूला हवे. खुर्चीवर गुडघे थोडे विलग ठेवून बसावे आणि चारचौघांत वारा अडवायचा आहे असे समजून गुदद्वार मिटून वर, आत ओढावे. उचलल्याची जाणीव झाली पाहिजे. नितंब, मांड्या आणि पोट सैलच राहिले पाहिजेत.

खात्री करायची असेल तर आडवे होऊन पाय दुमडावेत आणि आरसा धरून पाहावे. गुदद्वार आक्रसून आत जाताना दिसले तर हालचाल बरोबर आहे. बाहेर फुगताना दिसले तर आपण आवळत नसून कुंथतो आहोत, आणि असा व्यायाम ताकद वाढवण्याऐवजी स्नायू ताणतो. ही चूक वाटते त्याहून बरीच सर्रास होते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे श्वास रोखणे. ती टाळायची असेल तर आवळताना मोठ्याने आकडे मोजावेत. लघवी मध्येच थांबवून व्यायाम करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही.

## दिवसातून किती वेळा आणि किती सेकंद?

आधी स्वतःची मर्यादा मोजावी. पूर्ण जोराने आवळून किती सेकंदांनी पकड सुटते, ते पाहावे. ती ३ सेकंदांनी सुटत असेल तर तेच सुरुवातीचे प्रमाण. पूर्ण जोराने तेवढे सेकंद आवळावे, मग १० सेकंद पूर्ण सैल सोडावे, असे पाच वेळा. त्यानंतर अर्ध्या जोराने, जितका वेळ धरता येईल तितका वेळ, पाच वेळा. शेवटी झटकन आवळून लगेच सोडण्याच्या पाच हालचाली. असा संच दिवसातून तीन वेळा करावा.

तीन प्रकार ठेवण्यामागे कारण आहे. पूर्ण जोर एकदम आलेली कळ परतवण्यासाठी, अर्धा जोर शौचालयापर्यंत चालत जाण्यासाठी आणि झटका खोकला किंवा शिंक येताच वलय मिटण्यासाठी. दर आठवड्याला एक-दोन सेकंद वाढवत १० सेकंद आणि दहा वेळांपर्यंत जावे. शेवटच्या दोन-तीन आवळण्यांत पकड ढिली होत असेल तर संख्या कमी करावी, कारण थकलेल्या स्नायूचे काम नितंब उचलतात आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. सोडणे हा व्यायामाचाच भाग आहे. सतत आवळून ठेवलेला स्नायू गरजेच्या वेळी थकलेला असतो.

## जोराची कळ आल्यावर धावत जावे का?

शक्यतो नाही. धावताना पोटावर दाब येतो आणि लक्ष वलयावरून उडते. बाहेरचे वलय पूर्ण जोराने जेमतेम मिनिटभरच धरता येते, त्यामुळे पहिल्या क्षणीच सगळी ताकद खर्च केली तर वाटेतच पकड सुटते. थांबावे, शक्य असल्यास बसावे, एकदा जोरात आणि मग अर्ध्या जोराने आवळून धरावे, श्वास चालू ठेवावा. कळ लाटेसारखी चढते आणि उतरते. उतरली की चालत जावे.

याचा सराव सुरक्षित ठिकाणी करता येतो. कळ आल्यावर शौचकूपावर बसून एक मिनिट थांबावे, मग शौच करावे. ते जमले की पाच मिनिटे आणि नंतर दहा. त्यानंतर शौचकूपाऐवजी शेजारी खुर्चीवर बसून तेवढाच वेळ थांबावे. मल ६ किंवा ७ प्रकारचा असेपर्यंत ही पायरी जमत नाही आणि उगाच मन खचते, म्हणून आधी मल बांधला गेला पाहिजे. बद्धकोष्ठ असलेल्यांनी हा सराव करू नये.

## हे सारे एकत्र कसे बसवायचे?

समजण्यासाठी एक रचलेले उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांची स्त्री, चोवीस वर्षांपूर्वी चिमटा लावून प्रसूती, टाके पडलेले. गेले वर्षभर आठवड्यातून तीनदा सकाळी घाई होऊन कपड्यात गळते, थांबवता येते जेमतेम अर्धा-एक मिनिट. नोंदवहीत मल ६ प्रकारचा. सकाळी रिकाम्या पोटी दोन कप कॉफी, आरोग्यासाठी म्हणून सुरू केलेला गव्हाचा कोंडा आणि दिवसभर साखरविरहित पुदिन्याच्या गोळ्या. तपासणीत पकड ३ सेकंद आणि कमजोर, पण गुदाशय रिकामा.

पहिल्या दोन आठवड्यांत गोळ्या आणि कोंडा बंद होतो, कॉफी एकच कप आणि तीही खाल्ल्यावर. मल ५ प्रकारावर येतो, गळती आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या आठवड्यापासून इसबगोल ३ ग्रॅम, पुढच्या आठवड्यात ६ ग्रॅम. पाचव्या आठवड्याला मल बहुतेक दिवशी ४ प्रकारचा, गळती आठवड्यातून एकदा. इथपर्यंतची सुधारणा मुख्यतः मलाच्या घट्टपणाची आहे, स्नायूंची ताकद अजून फारशी वाढलेली नाही. व्यायाम पहिल्या दिवसापासून चालू असतात. बाराव्या आठवड्याला पकड ८ सेकंदांवर पोहोचते आणि कळ आल्यावर पाच मिनिटे थांबता येते. गळती महिन्यातून एखादी, तीही पोट बिघडल्याच्या दिवशी. वाऱ्यावर पूर्ण ताबा मात्र आलेला नाही. फाटलेल्या वलयात तो कदाचित येणारही नाही, आणि हे तिला आधीच सांगितलेले बरे.

## तीन महिन्यांनीही फरक पडला नाही तर?

आधी कोणत्या बाजूने फरक पडला नाही ते पाहावे. मल अजून पातळ असेल तर लोपेरामाइडचा विचार डॉक्टर करतात. ते आतड्याची गती कमी करते आणि आतल्या वलयाचा ताणही थोडा वाढवते. जेवणाआधी अर्धा तास, कमीत कमी मात्रेने ते सुरू करतात. ताप किंवा मलात रक्त असताना ते घ्यायचे नसते. मल घट्ट असूनही गळती होत असेल तर गुदद्वाराची सोनोग्राफी फाट कुठे आहे ते दाखवते आणि दाब मोजण्याची चाचणी वलयाची ताकद सांगते. आवळणे जमतच नसेल तर बायोफीडबॅकमध्ये आपली पकड पडद्यावर पाहत शिकता येते. पुढचे मार्ग म्हणजे माकडहाडाजवळच्या नसेला सूक्ष्म विद्युत संवेदना देणारे उपकरण किंवा वलयाची दुरुस्ती. ते तज्ज्ञांनी तपासणीनंतर ठरवायचे असतात.

## त्वचा सोलवटली आहे, काय करावे?

कोमट पाण्याने धुवावे, घासू नये, मऊ कापडाने टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइड असलेल्या मलमाचा पातळ थर लावावा. सुगंधी साबण आणि अल्कोहोल असलेले ओले रुमाल टाळावेत.

## व्यायाम आणि आहार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

ताबा अचानक सुटला आणि सोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायांत अशक्तपणा, किंवा लघवी अडणे असेल, तर मणक्याच्या तळाशी नसा दबलेल्या असू शकतात. काही तासांच्या विलंबानेही कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून त्याच दिवशी, थेट आपत्कालीन विभागात जावे. मलात रक्त, कारण नसताना घटलेले वजन, रक्तक्षय, किंवा शौचाच्या सवयीत अलीकडे झालेला आणि काही आठवडे टिकलेला बदल असेल, तर इसबगोलाने मल सुधारला तरीही मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यावी.